गेममध्ये कुणी हरणारच नसेल, तर गुऱ्हाळ लावायचं कशाला?

शेतीचा आणि गावगाड्याचा निवांत गेम बनवायचा म्हटलं, की कट्ट्यावर पहिला प्रश्न हाच येतो. हरायची भीतीच नसेल तर माणूस खेळेल कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि "खेळणाऱ्याला शांत वाटतं म्हणून" हे त्याचं उत्तर नव्हे. शांत तर झोपूनही वाटतं. खरं उत्तर गेमच्या आतल्या रचनेत आहे. ती रचना कशी करायची हे एका उदाहरणावरून बघू. समजा, गेम कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात घडतो. ऊस आहे, वरच्या अंगाला भात आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि गावाबाहेर एक गुऱ्हाळ आहे.

आधी 'फेल स्टेट' म्हणजे काय ते समजून घेऊ. गेम जिथं तुम्हाला सांगतो की तुमचं चुकलं, आता मागं जा किंवा काहीतरी गमवा, ती जागा म्हणजे फेल स्टेट. मारामारीच्या गेममध्ये ती उघड असते, 'गेम ओव्हर' असं लिहूनच येतं. शेतीच्या गेममध्ये ती दडून बसते. २००९ साली फेसबुकवर गाजलेल्या फार्मव्हिलमध्ये वेळेवर परत आलं नाही तर उभं पीक वाळून जायचं. माणसं लग्नाच्या मांडवातून फोन काढून कापणी करायची ती त्यामुळं. २०१६ च्या स्टारड्यू व्हॅलीला सगळे निवांत गेम म्हणतात, आणि बऱ्याच अंशी तो आहेही. पण तिथंही ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक रातोरात मरतं. आणि रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाहीत तर तुम्ही जागच्या जागी कोसळता आणि खिशातले थोडे पैसे जातात. या गोष्टी वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी खेळाला ताण येतो आणि तो ताण पुष्कळांना हवा असतो. पण आपल्याला हरणं काढायचं असेल तर अशा दडलेल्या जागा एकेक करून हुडकायला लागतात. नुसती मारामारी वगळली म्हणजे काम झालं असं होत नाही.

हुडकून काढल्यावर तिथं ठेवायचं काय, हा पुढचा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच आहे: खेळणाऱ्याच्या निर्णयावर गोष्ट *होणार की नाही* हे ठरू नये, ती *कशी होणार* हे ठरावं. गूळ होणारच. तो कसला होईल आणि कुणाच्या घरी जाईल, ते तुमच्या हातात.

काहिलीजवळ

हे गुऱ्हाळावर फार छान दाखवता येतं, कारण खऱ्या गुऱ्हाळातच ती सोय आहे. घाण्यावर उसाचा रस निघतो, गाळून काहिलीत जातो. काहिलीखाली चुलवाण, आणि त्यात जळण म्हणून त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. रस तापला की मळी वर यायला लागते. ती नीट वर यावी म्हणून रानभेंडीची झाडं ठेचून, पाण्यात चोळून त्यांचा चिकट रस काहिलीत सोडतात. तो मळीला धरून वर आणतो, मग झाऱ्यानं ती काढून टाकायची. पुढं रस आटत जातो, फेस जाड होतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो. साधारण १०५ अंशाला काकवी होते, ११८ च्या आसपास गुळाचा पाक येतो. गुळव्या काही थर्मामीटर लावून बसत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहिल उतरवायची, पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा आणि साच्यात भरायचा. निवाला की गुळाची ढेप, म्हणजेच रवा, तयार.

गेममध्ये हे अडीच-तीन तासांचं काम तीन मिनिटांत बसवायचं आणि खेळणाऱ्याच्या हातात तीनच गोष्टी द्यायच्या: चिपाड किती घालायचं, मळी किती काढायची आणि काहिल कधी उतरवायची. आता नेहमीच्या पद्धतीनं विचार करणारा डिझायनर काय करेल? मधे एक हिरवी पट्टी दाखवेल. त्या पट्टीत उतरवलं तर गूळ, आधी उतरवलं तर 'कच्चा', उशीर झाला तर 'करपला', पुन्हा प्रयत्न करा. झालं, आलं की हरणं मागच्या दारानं आत.

त्यापेक्षा बघा: लवकर उतरवली तर काकवी मिळते. काकवी ही काही बिघडलेली वस्तू नव्हे, भाकरीबरोबर खायला लोक ती मागून नेतात. थोडं पुढं गेलं तर मऊ गूळ, तो शेजारच्या आक्का पोळ्यांसाठी घेतात. बरोबर साधलं तर कडक, पिवळाधमक रवा, तो पेठेत जातो. फार पुढं गेलं किंवा मळी नीट काढली नाही तर काळपट गूळ, तो व्यालेल्या म्हशीला चारायला दूधवाले मामा हौसेनं नेतात. चारही टोकांना कुणीतरी उभं आहे आणि प्रत्येकाकडून वेगळी गोष्ट पुढं सरकते. आक्कांकडं मऊ गूळ गेला तर बेंदराला त्या पुरणपोळीला बोलावतात. मामांकडं काळपट गूळ गेला तर ते आपल्या रेडकाचं नाव तुम्हाला ठेवायला सांगतात. पेठेतल्या पैशातून गोठ्याची कौलं बदलता येतात.

आणि खेळणारा काहिलीजवळून मधेच निघून गेला तर? गुळव्या म्हणतो, "जा गा, मी हाय हितं. रस कुटं पळून जातोय व्हय?" तो स्वतः चिपाड घालत राहतो आणि मध्यम प्रतीचा गूळ काढून ठेवतो. निर्णय न घेणं हासुद्धा एक निर्णय, आणि त्यालाही फळ आहे.

इथं एक मर्यादा पाळायला लागते. चारही वस्तू सारख्याच ठरल्या, म्हणजे कुठलाही गूळ कुणालाही चालला, तर खेळ मिळमिळीत होतो. पेठेतला व्यापारी काळपट गूळ घेणार नाही, घेऊच नये. तो "ह्यो आमच्याकडं चालत न्हाई, मामांना इचारा" म्हणेल. हा नकार म्हणजे हार नव्हे, ती दिशा आहे. पण नकाराच्या त्याच वाक्यात पुढचं दार दाखवलं पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याला तो दंडच वाटतो.

दुसरी सावधगिरी तारे देण्याबद्दलची. गुळाला एक ते पाच तारे दिलेत की पाचापेक्षा कमी मिळालेला प्रत्येक गूळ चुकलेला ठरतो. पडद्यावर 'उत्तम!' असं उमटवलंत की ज्या वेळी ते उमटत नाही ती वेळ नापासाची. म्हणून आकडे नकोत, शेरे नकोत. फळीवर ठेवलेल्या ढेपेचा रंग दिसू द्या, आणि माणसांच्या बोलण्यातून कळू द्या. ज्याला हात बसवायचाय त्याच्यासाठी वाट ठेवता येते: सुरुवातीला गुळव्या "आता बघ गोळी" म्हणून सांगतो, काही काहिलींनंतर तो सांगणं कमी करतो, मग तुम्ही फक्त बुडबुड्यांच्या आवाजावरून ओळखायला शिकता. कसब वाढतं, आणि ते नसलं तरी काही अडत नाही.

पान उलटायचं कुणी?

आता ऋतूंकडं येऊ, कारण निवांत गेमची खरी कसोटी तिथं आहे. बहुतेक गेम वर्षाचे चार ऋतू करतात. स्टारड्यूमध्ये प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो. वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा ही वाटणी कोल्हापूरच्या शिवारात नुसती परकी दिसते असं नाही, ती कामाचीही नाही. इथला शेतकरी पावसाळा नक्षत्रांनी मोजतो. जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा, असं करत ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रं. प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं. गेमला हे आयतं मिळालेलं मोजमाप आहे: एकेक नक्षत्र म्हणजे एकेक प्रकरण, आणि प्रत्येकाचा पाऊस, काम आणि बोलणं वेगळं. शिवाय पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतंच. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस दणकून. हवामानाचा अंदाज सांगणारी याहून गोड युक्ती कुठल्या गेममध्ये नसेल.

स्वातीनंतर मात्र गावात नक्षत्राचं नाव फारसं कुणी घेत नाही. म्हणून गेमच्या पोटात वर्षाचे २७ तुकडे ठेवायचे, पण पावसाळा सरला की पडद्यावर महिने आणि सण दाखवायचे: मार्गशीर्ष, संक्रांत, चैत्रातली जोतिबाची यात्रा.

आता वेळेचं गणित. गेममधला एक दिवस दहा मिनिटांचा आणि एका तुकड्यात किमान दोन दिवस धरले तर वर्ष ५४ दिवसांचं, म्हणजे नऊ तासांचं होतं. भाताचं त्यात छान बसतं. पण ऊस? आषाढात लावलेला आडसाली ऊस तोडीला यायला सोळा ते अठरा महिने घेतो. सतरा महिने धरले तर ३८ तुकडे, म्हणजे ७६ दिवस, म्हणजे साडेबारा तासांहून जास्त. पहिला रस दिसायला एवढा वेळ लागला तर गुऱ्हाळ येईपर्यंत खेळणारा गेम सोडून गेलेला असेल.

इथं मोह होतो तो उसाची वाढ खोटी करायचा, सहा दिवसांत ऊस उभा करायचा. माझ्या मते ते करू नये, कारण संथपणा हाच उसाचा स्वभाव आहे आणि गेमलाही तोच हवाय. त्याऐवजी सुरुवात बदला. खेळ मृगात सुरू करायचा आणि रानात गेल्या आषाढात कुणीतरी, समजा आजोबांनी, लावलेला ऊस उभा ठेवायचा. मृगापासून विशाखा संपेपर्यंत बारा तुकडे होतात: चोवीस दिवस, चार तास. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ऊस तोडीला येतो आणि पहिली काहिल चढते. दरम्यान आषाढात खेळणाऱ्यानं स्वतःची लागण केलेली असते, ती पुढच्या वर्षाला. आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा आपोआप फुटतो, त्याला नवी लागण लागत नाही. एका रानात कालचा, आजचा आणि उद्याचा ऊस एकदमच वाढत राहतो.

पण 'किमान दोन दिवस' असं मी म्हटलं, 'दोनच दिवस' असं नाही. कारण पान उलटायचं काम खेळणाऱ्याकडं द्यायचं. घरात भिंतीवर दिनदर्शिका आहे. दोन दिवस झाले की पान उलटता येतं, पण ते उलटायलाच पाहिजे असं नाही. रोप लागण करायची राहिली असेल तर आर्द्रा थांबून राहते. बेंदूर चुकत नाही, कारण बैल धुऊन, शिंगं रंगवून झाल्याशिवाय तुम्ही पान उलटणारच नाही. एका दिवसाचा सण आणि तो चुकला की वर्षभर थांबा, ही शिक्षा बऱ्याच गेममध्ये कुणाच्या ध्यानातच येत नाही.

याची किंमत आहे. पान हातात दिलं की काही जण ते उलटतच नाहीत. सगळी कामं संपली तरी "काही राहिलं असेल" म्हणून आर्द्रेत रेंगाळत बसतात आणि मग कंटाळतात. त्यांना ढकलायचं नाही, खुणवायचं. तिसऱ्या दिवसापासून ढगांचा रंग बदलू द्या, बेडकं ओरडू द्या, पाणवठ्यावरची बायकामाणसं "आता तरणा लागंल" असं बोलू लागू द्यात. आणि पान उलटण्याआधी एका ओळीत सांगा की शिवारातलं काही वाया जाणार नाही. ही ओळ नसेल तर चाचणीत लोक दिनदर्शिकेसमोर येऊन परत फिरताना दिसतात.

भात पिकलं आणि खेळणाऱ्यानं कापलंच नाही, तरी पान उलटलं, असंही होणार. तेव्हा पीक मारायचं नाही आणि गोठवूनही ठेवायचं नाही. कार्तिक सरला तरी भात उभंच, हे बघायला विचित्र वाटतं. गावात त्यावर तोडगा आहेच: पैरा. शेजारी येऊन कापून जातात, पोती तुमच्या सोप्यात लावतात, आणि पुढं त्यांच्या कापणीला तुम्ही जायचं. फक्त 'तुमच्यावर तीन पैरे बाकी' असा आकडा कुठं दाखवू नका. तो दिसला की ते कर्ज होतं आणि माणूस ओशाळून गेम उघडायचा थांबतो. शेजारच्या अण्णांनी सकाळी दारात येऊन "येतोयस न्हवं आमच्यात?" एवढं विचारावं. नाही म्हटलं तर परत कधीतरी विचारावं.

पुराचं काय?

पंचगंगेकाठचं गाव म्हटल्यावर हा प्रश्न टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी बघितलेत त्यांच्यासमोर 'पूर आला आणि सगळे मजेत' असा गेम ठेवणं हा उद्धटपणा आहे. उलट खरं दाखवायचं तर उभा ऊस आठवडाभर पाण्याखाली राहून कुजतो, म्हणजे सगळ्यात मोठी हारच आली.

माझा कौल असा: महापूर दाखवू नये, नदी मात्र दाखवावी. पाणी पात्राबाहेर येतं, खालची नदीकाठची गाळाची जमीन बुडते, पण ती कुणाच्याच नावावर नाही. तुमच्याकडं काम येतं ते म्हशी वरच्या वाड्यावर न्यायचं. आणि नदीचं खरं काम दाखवायला आपल्याकडं जगानं नाव घ्यावं अशी गोष्ट आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला वाट द्यायची आणि पाऊस ओसरला की परत बसवायचे. वर्षातून दोनदा सगळं गाव बंधाऱ्यावर. तुम्ही एक बरगा बसवा नाहीतर दहा, बंधारा पुरा होतोच. ज्याच्या शेजारी उभं राहून बसवलात तो माणूस त्या दिवशी त्याची गोष्ट सांगतो, आणि खेळणारा दरवर्षी वेगळ्या माणसाशेजारी जाऊन उभा राहतो. मला या गेममधलं सगळ्यात सौम्य तरीही ओढ लावणारं ध्येय हेच वाटतं.

(ऊसदराचं आंदोलन घ्यायचं का, असं एकानं विचारलं होतं. घ्या की, पण मग 'निवांत' हा शब्द पाटीवरून पुसा.)

जमलं की नाही, कळायचं कसं

चाचणीला गेम दिल्यावर "आवडला का?" विचारून काही कळत नाही, कोल्हापुरात तर "लई भारी" याशिवाय उत्तरच येत नाही. मागं बसून हात बघायचे. खेळणारा कागद काढून हिशेब करायला लागला, की समजा कुठंतरी मुदत दडलीय. सकाळी उठून लगेच झोपून दिवस ढकलायला लागला, तर त्या तुकड्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही, तिथं काम घाला किंवा तुकडा लहान करा. गूळ काढल्यावर त्यानं जुना सेव्ह उघडून तीच काहिल परत लावली, तर काळपट गूळ त्याला अजून चूक वाटतोय. मामांचं वाक्य बदला, किंवा रेडकाचा प्रसंग आधी आणा, म्हणजे काळपट गुळाचं काय होतं हे त्याला आधीच माहीत असेल.

आणि एक चाचणी महिनाभर थांबून करायची. खेळणाऱ्याला मधे गेम द्यायचाच नाही, मग एकदम पुढ्यात ठेवायचा. निवांत गेम लोक असेच खेळतात, परीक्षा आली की सोडतात, गणपतीनंतर परत उघडतात. शिवार होतं तसंच असलं पाहिजे, तण नाही, मेलेलं काही नाही, "कुठं होतास इतके दिवस?" असा टोमणा नाही. पण फक्त तेवढं पुरत नाही, कारण त्याला आपण काय करत होतो हेच आठवत नाही आणि पाच मिनिटं फिरून तो गेम बंद करतो. म्हणून गेम उघडला की आक्का दारात दिसाव्यात आणि आपसूक बोलून जाव्यात: "वरच्या वावरात रोप लावायचं ऱ्हायलंय बघ अर्धं. आन् मामा इचारत हुते, रेडकाचं नाव काय ठरलं?"